साठाचे चाळीस कसे होतात?

तुळईवर वजन पडले की ती मध्ये वाकते, हे सगळ्यांना ठाऊक असते. ती आपल्याबरोबर खांबांनाही वाकवते, हे मात्र चटकन लक्षात येत नाही. काँक्रीटच्या चौकटीत तुळई आणि खांब यांचा सांधा एकसंध ओतलेला असतो. त्यामुळे टोकाशी तुळई जितकी फिरेल तितकाच खांबाचा माथाही फिरतो आणि दोघांमधला काटकोन मोडत नाही. मग वाकण्याचा जोर कोणी किती घ्यायचा? हे वाटप कागद-पेन्सिलीने करण्याची रीत अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केली. तिचे नाव मोमेंट डिस्ट्रिब्यूशन. त्याआधी असल्या चौकटींसाठी एकमेकांत गुंतलेली समीकरणे सोडवत बसावे लागे.

एक साधी पोर्टल फ्रेम घेऊ. दोन खांब, प्रत्येकी ४ मीटर उंच, तळाशी पायात पक्के धरलेले. त्यांच्यावर ६ मीटर लांबीची तुळई आणि तिच्यावर दर मीटरला २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन टन, सारखा पसरलेला भार. वाकवण्याच्या जोराला इंजिनिअर मोमेंट म्हणतात. एका मीटरवर शंभरेक किलो वजन टांगले, तर आधारापाशी होणारे मोमेंट साधारण एक किलोन्यूटन-मीटर भरते. पुढचे सगळे मोमेंटचे आकडे याच मापात आहेत.

क्रॉस यांची पहिली पायरी म्हणजे दोन्ही सांधे कल्पनेत कुलूपबंद करणे. सांधा जराही फिरू द्यायचा नाही. अशा जखडलेल्या तुळईच्या टोकांशी येणारे मोमेंट ठरलेले असते: दर मीटरचा भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले १२. इथे ते २० × ३६ ÷ १२, म्हणजे ६० येते. खांबांवर थेट भार नाही, म्हणून त्यांच्यात शून्य. पण ही कुलपे खरी नाहीत. सांध्यावर एका बाजूने ६० चा जोर आहे आणि त्याला तोलणारे काहीच नाही. कुलूप काढताच सांधा फिरणार.

तो फिरताना तुळई आणि खांब दोघेही विरोध करतात, आणि ज्याचा ताठपणा जास्त त्याचा विरोध जास्त. ताठपणा काढताना नुसती जाडी पाहून भागत नाही. छेदाचा जडत्व आघूर्ण भागिले लांबी, असा तो काढावा लागतो. आपल्या चौकटीत तुळईच्या छेदाचा जडत्व आघूर्ण खांबाच्या दीडपट आहे असे धरू. तुळईची लांबीही खांबाच्या दीडपट असल्यामुळे दोघांचा ताठपणा सारखा निघतो. म्हणून ६० ची वाटणी सरळ निम्मी होते: ३० तुळईला, ३० खांबाला.

गोष्ट इथे संपत नाही. दांड्याचे एक टोक फिरवले आणि दुसरे घट्ट धरले, तर त्या दुसऱ्या टोकाशी निम्मे मोमेंट पोहोचते. याला कॅरी ओव्हर म्हणतात. खांबाच्या माथ्यावरच्या ३० मधून १५ पायाशी उतरतात. पाया पक्का असल्याने ते तिथेच राहतात, परत वर येत नाहीत. तुळईतून मात्र १५ समोरच्या सांध्यावर जातात आणि समोरून तितकेच इकडे येतात. सांध्याचा तोल पुन्हा १५ ने बिघडतो. पुन्हा वाटणी, साडेसात आणि साडेसात. पुन्हा निम्मे पलीकडे, पुन्हा वाटणी, पावणेदोनच्या किंचित वर.

खांबाच्या माथ्यावरची बेरीज पाहा: आधी ३०, मग ३७.५, मग ३९.३८, मग ३९.८४. प्रत्येक नवी भर आधीच्या भरीच्या एक चतुर्थांश असल्यामुळे ही रांग ४० वर स्थिरावते. तुळईच्या टोकाशी ६० चे ४० होतात आणि पायाशी निम्मे, म्हणजे २० उरतात. हिशेब नेहमी वाटणीवर थांबवावा. कॅरी ओव्हरवर थांबवला तर सांधा तोलात राहत नाही.

आता तुळईचा मध्य. दोन्ही टोके नुसती टेकवलेली असती तर मध्यावर ९० चे मोमेंट आले असते. टोकांशी ४० गेले, म्हणून मध्यावर ५० उरले. टोके पूर्ण जखडलेली असती तर ६० आणि ३० अशी विभागणी झाली असती. बेरीज प्रत्येक वेळी ९० च राहते, टोके आणि मध्य यांचे वाटे मात्र खांबाच्या ताठपणावर ठरतात. सळ्यांची जागाही यावरून कळते. तुळईच्या मध्यभागी ताण खालच्या अंगाला येतो, तर टोकांशी वरच्या अंगाला. खांबाच्या माथ्याशी तो बाहेरच्या बाजूला असतो आणि पायाशी आतल्या बाजूला. ही अदलाबदल पायापासून सुमारे १.३३ मीटर उंचीवर होते.

हे सगळे ज्या गृहीतावर उभे आहे ते असे, की चौकट आडवी सरकत नाही. ते तपासता येते. खांबाच्या दोन्ही टोकांची मोमेंट मिळवून उंचीने भागा: ४० अधिक २०, भागिले ४, म्हणजे १५ किलोन्यूटन. हा आडवा रेटा दोन्ही खांबांत सारखा आणि उलट दिशांना आहे. ते एकमेकांना पुरते तोलतात, म्हणून चौकट जागची हलत नाही.

आता तोच भार फक्त डाव्या अर्ध्या तुळईवर ठेवून हीच रीत वापरली, तर डाव्या खांबात ९.१९ आणि उजव्यात ५.८१ किलोन्यूटन रेटा निघतो. फरक ३.३८ चा. सांध्यावरची सगळी मोमेंट नीट जुळतील, पण हा फरक तोलणारे बाहेर काहीच नाही. खरी चौकट उजवीकडे, भारापासून दूर, सरकेल आणि आपली उत्तरे चुकलेली असतील. सांध्यांचा तोल पाहून समाधान मानणाऱ्याला ही चूक दिसत नाही, रेट्यांची बेरीज पाहणाऱ्याला लगेच दिसते. दोन खांबांची उंची किंवा जाडी वेगळी असली तरी हीच अडचण येते. तेव्हा सरकण्याचा वेगळा हिशेब करून तो मिळवावा लागतो.

दुसरे गृहीत पायाचे. आपण तो अजिबात फिरत नाही असे मानले. मऊ जमिनीवरचे लहान फूटिंग थोडे फिरतेच. ते बिजागरीसारखे पूर्ण मोकळे फिरले तर खांबाच्या माथ्यावर ४० ऐवजी ३६, तुळईच्या मध्यावर ५० ऐवजी ५४, पायाशी शून्य आणि आडवा रेटा ९ असे आकडे येतात. खरी स्थिती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. तुळईच्या मध्याला फरक फक्त ४ चा पडतो, पण फूटिंगच्या बाबतीत तो २० चा आहे. म्हणून नकाशावर पाया पक्का दाखवला असेल, तर त्या फूटिंगचा आकार नुसत्या ६० किलोन्यूटन उभ्या वजनासाठी ठरवून चालत नाही. २० चे मोमेंट आणि १५ चा आडवा रेटाही त्याच फूटिंगने जमिनीला पोहोचवायचा असतो.