लोखंडाच्या घनात अणू किती?

बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात तीन घनांची चित्रे असतात. पहिल्यात फक्त आठ कोपऱ्यांवर गोळे, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला मधोमध एक, आणि तिसऱ्यात कोपऱ्यांबरोबर सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक. साधा घन, अंतःकेंद्रित घन, फलककेंद्रित घन. धातूच्या स्फटिकात हाच घन वर-खाली, मागे-पुढे, डावी-उजवीकडे अखंड मांडलेला असतो, म्हणून त्याला एकक कोष्ठिका म्हणतात.

यातले मधले चित्र लोखंडाचे आहे. त्यातले गोळे मोजले तर नऊ भरतात. पण लोखंडाच्या कोष्ठिकेत अणू दोनच असतात.

चाळीतली सामाईक भिंत दोन्ही बिऱ्हाडांची असते, तसा कोपऱ्यावरचा अणू एकट्या घनाचा नसतो. एका कोपऱ्याशी आठ घन येऊन भिडतात, चार खालचे आणि चार वरचे. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला त्या अणूचा आठवा भागच येतो. आठ कोपऱ्यांचे आठ अष्टमांश मिळून एक अणू. साध्या घनाचा हिशोब इथेच संपतो. लोखंडात मधला अणू पूर्णपणे आतच असल्याने तो अख्खा धरायचा, म्हणजे दोन. फलककेंद्रित घनात बाजूच्या मध्यावरचा प्रत्येक अणू दोन घनांत निम्मा-निम्मा वाटला जातो. सहा अर्धे म्हणजे तीन, त्यात कोपऱ्यांचा एक, एकूण चार. तांबे, ॲल्युमिनियम, चांदी आणि सोने या रचनेचे.

हा हिशोब खरा की नुसता कागदावरचा, हे तराजू सांगतो. क्ष-किरणांनी मोजलेली लोखंडाच्या घनाची बाजू 2.866 आंगस्ट्रॉम आहे. एक आंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. त्या बाजूवरून घनाचे आकारमान काढायचे, त्यात लोखंडाच्या दोन अणूंचे वस्तुमान भरायचे आणि भागाकार करायचा. घनता येते घन सेंटिमीटरला 7.88 ग्रॅम. प्रत्यक्ष लोखंडाची मोजलेली घनता 7.87 आहे. नऊ अणू धरले असते तर उत्तर पस्तीसच्या वर गेले असते, आणि सर्वांत घन मूलद्रव्य असलेले ऑस्मियमही 22.6च्या पुढे जात नाही. मोजणी चुकली की ती अशी लगेच उघडी पडते.

चित्र आणखी एका बाबतीत फसवते. आतले दिसावे म्हणून गोळे लहान आणि सुटे काढतात, पण अणू एकमेकांना टेकलेले मानायचे असतात. कुठे टेकतात, यावर सगळे अवलंबून आहे. साध्या घनात ते कडेवर टेकतात आणि जेमतेम 52 टक्के जागा भरते. इतकी ऐसपैस मांडणी निसर्गाला परवडत नसावी, कारण सामान्य दाबाखाली ती पोलोनियम या एकाच मूलद्रव्यात आढळते. अंतःकेंद्रित घनात कोपऱ्यांचे अणू एकमेकांना टेकत नाहीत. ते मधल्याला टेकतात, घनाच्या आरपार जाणाऱ्या कर्णावर, आणि 68 टक्के जागा भरते. फलककेंद्रित घनात अणू बाजूच्या कर्णावर टेकतात, तिथे 74 टक्के. सारख्या गोळ्यांची याहून दाट रचना होऊच शकत नाही, असा केप्लरचा 1611 सालचा अंदाज होता. तो सिद्ध केल्याचे थॉमस हेल्स यांनी 1998 मध्ये जाहीर केले.

लोखंडाची खरी गंमत पुढे आहे. 912 अंश सेल्सिअसला ते रचना बदलते आणि अंतःकेंद्रितचे फलककेंद्रित होते. तापणारा धातू प्रसरण पावत असतो, पण या टप्प्यावर लोखंडाचे आकारमान सुमारे एक टक्क्याने घटते. अणू अधिक दाटीने बसले म्हणजे कार्बनला आत शिरायला जागा कमी उरेल, असे कोणालाही वाटेल. घडते उलटे. अंतःकेंद्रित लोखंडात वजनाच्या फार तर 0.02 टक्के कार्बन मावतो, फलककेंद्रितमध्ये सुमारे दोन टक्के. कारण 68 आणि 74 हे आकडे रिकामी जागा एकूण किती ते सांगतात, ती कशी विखुरली आहे ते सांगत नाहीत. अंतःकेंद्रित घनात ती पुष्कळ बारीक फटींत वाटली जाते. फलककेंद्रित घनात एकूण पोकळी कमी, पण घनाच्या नेमक्या मध्यावर, जिथे चित्रात काहीच काढलेले नसते, तिथे एक मोठी पोकळी असते. कार्बन तिथे बसतो.

पोलादाचे पाते लालभडक तापवून पाण्यात बुडवतात तेव्हा लोखंडाचे अणू जुन्या रचनेकडे परतू पाहतात, पण विरघळलेल्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकून पडतो आणि घन एका दिशेने ताणला जातो. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती अतिशय कठीण असते आणि तशीच ठिसूळही, म्हणून पाणी दिलेले पाते पुन्हा मंद आचेवर तापवून थोडे नरम करावे लागते.