दिवाळीचा पाहुणा श्रावणात ठरतो

मे संपला की तारकर्ली-मालवणात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा आणि स्कूबा जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत साधारणपणे बंदच. पाहुणे थांबतात, आणि होमस्टेचं इन्स्टाग्रामही मेमधल्या शेवटच्या फोटोवर थांबतं ते दिवाळी तोंडावर आल्यावरच हलतं. तोवर उशीर झालेला असतो, कारण मुंबई-ठाण्याचं कुटुंब खोली शोधायच्या आधी रेल्वेचं तिकीट बघतं.

हे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. २०२६ची भाऊबीज ११ नोव्हेंबरला आहे. ती उरकून १२ला कोकणकन्येनं निघणाऱ्यांचं आरक्षण १३ सप्टेंबरला उघडेल. १४ला तर गणपती! त्या दिवशी घर चाकरमान्यांनी भरलेलं असणार, फोन हातात घ्यायलाही सवड नसेल. म्हणून दिवाळीच्या खोल्या, दर आणि आरक्षणाची तारीख सांगणाऱ्या तीन-चार पोस्ट ऑगस्टच्या सुरुवातीलाच तयार ठेवाव्यात आणि महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकेक करून टाकाव्यात.

अडचण फोटोंची येते. ऑगस्टमध्ये आभाळ काळं, अंगणात शेवाळ, समुद्र गढूळ. दिवाळीत दिसणारं घर दाखवायचं तर ते आधीच टिपलेलं हवं. मेमध्ये एक सकाळ काढून खोल्या, पडवी, न्याहारीचं ताट, किनाऱ्याची वाट असे ३०-४० फोटो वेगळे ठेवावेत. मात्र हा फोटो जुलैत टाकला तर खाली 'मे महिन्यातला' असं लिहावंच. निळा समुद्र बघून भर पावसात आलेला पाहुणा नाराज होऊन जातो आणि तसाच अभिप्राय लिहितो.

जून-जुलैत पावसाचंच दाखवावं, आठवड्यातून एकदा पुरे. कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या, समोरच्या कुणग्यातली लावणी, सुपात निवडायला घेतलेला कोवळा टाकळा. वीस सेकंदांचा व्हिडिओ, पावसाचा मूळ आवाज तसाच, वर गाणं नको. सोबत 'स्कूबा बंद, होडी बंद, जेवण आणि खोली चालू' हे स्पष्ट लिहावं. शांतता हवी असलेले थोडे लोक तेवढ्यावरही येतात.

जुन्या पाहुण्यांना व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टवरून कळवता येतं, पण त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच तो निरोप पोचतो. पाहुणे निघताना अंगणातच तेवढं करून घ्यावं. गूगल मॅप्सवर पावसाळ्यापुरतं 'तात्पुरतं बंद' केलं असेल, तर ते काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. घर उघडतं, पण नकाशावरची ती पाटी तशीच राहते.

फोन करणाऱ्या प्रत्येकाला 'आमचं घर कुठं पाहिलंत?' एवढं विचारा आणि नोंदवहीत लिहा. मेचे फोटो तुमच्या फोनमध्ये असतील, तर ते आजच वेगळे काढून ठेवा.