पोरांची चुळबुळ आणि कच्ची चित्रं

डिस्नेचा ‘द लिटल मरमेड’ १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये पडद्यावर आला. त्याआधी त्यातलं सगळ्यांत गाजलेलं गाणं कात्रीत सापडायचं थोडक्यात वाचलं होतं. चित्रपट अर्धवट असतानाच तो काही मुलांना दाखवला गेला. जलपरी एरियल ‘पार्ट ऑफ युअर वर्ल्ड’ गाऊ लागली आणि पोरं चुळबुळ करू लागली. एकाचं पॉपकॉर्न सांडलं, त्याचं सगळं लक्ष ते वेचण्यात. स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग यांचं मत झालं की गाणं रेंगाळतंय, काढून टाकावं.

गीतकार हॉवर्ड ॲशमन हटून बसले. रॉन क्लेमंट्स आणि जॉन मस्कर या दिग्दर्शकांनी ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चा दाखला दिला. १९३९ च्या त्या चित्रपटातलं ‘ओव्हर द रेनबो’ही असंच कापायला निघाले होते. एरियलला पडद्यावर जिवंत करणारे ग्लेन कीनही गाण्याच्या बाजूने उभे राहिले. अखेर पुढच्या खेळापर्यंत गाणं ठेवायचं ठरलं. तोवर त्या प्रसंगाची चित्रं बरीच पूर्ण झाली होती. या वेळी पोरं शांत बसली.

पहिल्या खेळातली चुळबुळ खोटी नव्हती, तिचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. पाठलागाचा प्रसंग कच्च्या रेघोट्यांतही कळतो. कोण पुढे, कोण मागे, एवढं दिसलं की झालं. संथ गाण्याचा सगळा भार मात्र डोळे, बोटं आणि पाण्यात तरंगणारे केस यांच्यावर असतो, आणि नेमकं तेच कच्च्या चित्रात नसतं.

असे खेळ आज छोट्या लघुपटांचेही होतात. दाखवायचं असतं ते ॲनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं ठरलेल्या वेळेनुसार एकामागून एक लावलेली, सोबत तात्पुरते आवाज आणि जुजबी ध्वनी. ॲनिमॅटिकमधला प्रसंग एका दुपारीत उलटापालटा करता येतो. तोच प्रसंग पूर्ण ॲनिमेशनमध्ये गेला की एका ॲनिमेटरच्या आठवडाभराच्या कामातून काही सेकंदच बाहेर पडतात, आणि मग कापायला कुणाचा हात धजावत नाही.

समजा, पाच मिनिटांचा एक लघुपट आहे. आजी गावी निघाली आहे, तिने जाऊ नये म्हणून नातू तिचा चष्मा तांदळाच्या डब्यात लपवतो. ॲनिमॅटिक तयार झालं, आणि गोष्ट माहीत नसलेली नऊ माणसं बोलावली. घरच्यांना आणि स्टोरीबोर्ड पाहिलेल्या मित्रांना इथे जागा नाही, कारण चित्रात नसलेलंही ते मनातून भरून घेतात. सुरुवातीला एवढंच सांगायचं की चित्रं कच्ची आहेत, आवाज बदलतील. गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. खेळ सुरू झाला की टीममधल्या एकाने पडद्याकडे पाठ करून बसायचं आणि प्रेक्षकांकडे पाहायचं. कोण मोबाइलकडे वळलं, कुणी शेजाऱ्याला ‘हा कोण?’ विचारलं, हसू कुठे आलं, हे सगळं मिनिट-सेकंदासह टिपायचं. कोपऱ्यात एक कॅमेरा लावला तर नंतर पडताळताही येतं.

खेळ संपल्यावर लगेच चर्चा सुरू करणं ही नेहमीची चूक. पहिला बोलणारा ‘छान आहे, पण जरा लांबलंय’ म्हणतो, आणि मग सगळ्यांनाच ते लांबलेलं वाटू लागतं. म्हणून आधी प्रत्येकाने एकेकट्याने लिहायचं. ‘आवडलं का?’ या प्रश्नाला आपल्याकडे भिडेखातर एकच उत्तर मिळतं, तेव्हा तो न विचारलेलाच बरा. त्याऐवजी ‘गोष्ट चार ओळींत सांगा’, ‘मुलाने चष्मा का लपवला?’, ‘कुठे गोंधळलात?’ असं विचारावं. दिग्दर्शकाने तोंड मिटून बसायचं, खुलासे करायचे नाहीत. लघुपट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या शेजारी तो काही बसणार नसतो.

आता कागद वाचायला घ्यायचे. समजा, नऊपैकी सहा जणांनी ‘मुलगा व्रात्य आहे’ असं लिहिलं आहे, आजी जाऊ नये म्हणून त्याने चष्मा लपवला हे दोघांनाच कळलं. तीन मिनिटं दहा सेकंदांवर मुलगा रडतो, तिथे चौघांना तो चिडका वाटला. उपायही आले आहेत: रडणं कमी करा, मुलाच्या तोंडी एक वाक्य घाला. तक्रार मोलाची आहे, पण उपाय जसेच्या तसे घेण्यात धोका आहे. प्रेक्षकाला दुखतं कुठे ते कळतं, दुखण्याचं मूळ कुठे आहे ते बहुधा कळत नाही.

मूळ सापडतं विसाव्या सेकंदाला. आजीची भरलेली पिशवी तिथे दिसते, पण फक्त एक सेकंद, म्हणजे चोवीस फ्रेम, आणि तीही खोलीच्या कोपऱ्यात. त्याच क्षणी मुलगा धावत पडद्यावरून जातो. डोळा हालचालीमागे जातो, त्यामुळे पिशवी कुणालाच दिसलेली नाही. मग रडण्याला हात न लावता पिशवीला स्वतंत्र शॉट द्यायचा, दोन सेकंदांचा. मुलगा तिच्यासमोर थबकतो, वरचं लुगडं काढून पुन्हा खुंटीला अडकवतो. संवाद एकही वाढत नाही.

पिक्सारच्या ‘फाइंडिंग निमो’त हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. मार्लिनची बायको आणि बाकीची अंडी कशी गेली, हे आधी चित्रपटभर तुकड्यातुकड्यांनी उलगडत जात होतं. स्टुडिओतल्याच लोकांना कच्चा चित्रपट दाखवला तेव्हा मार्लिन नुसता कटकट्या बाप वाटला. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी तो सगळा प्रसंग सुरुवातीलाच आणला, आणि त्याच बापाची भीती लोकांना पटू लागली.

हशाचं गणित वेगळं आहे. चष्मा डब्यात पडताना सगळे हसले आणि त्या हशात आजीचं पुढचं वाक्य बुडालं, तर मध्ये वीसेक फ्रेम वाढवाव्या लागतात. पण हाच लघुपट कुणी मोबाइलवर एकट्याने पाहील तेव्हा हशा नसेल, आणि ती जागा मोकळी पडेल. म्हणून तिथे काहीतरी घडत राहावं, डब्याचं झाकण डुगडुगत बसलं तरी चालेल.

तात्पुरतं संगीत याहून जास्त फसवतं. एखाद्या गाजलेल्या चित्रपटाची सारंगी शेवटाखाली लावली की प्रेक्षकांचे डोळे पाणावतात आणि टीम खूश होते. ते पाणी लघुपटाचं की सारंगीचं, हे तो शेवट संगीताशिवाय दाखवल्यावरच कळतं. मरमेडच्या पोरांचा गोंधळही इथे आठवायला हवा. संथ, चेहऱ्यावर चालणारा प्रसंग पडला, तर कापण्याआधी त्यातली दोन-चार मुख्य चित्रं नीट काढून पुन्हा दाखवावीत. प्रसंग तरीही पडला, तर मात्र कापावा.

दुरुस्त ॲनिमॅटिक त्याच नऊ जणांना दाखवून काही कळत नाही, कारण त्यांना आता पिशवी माहीत आहे. दुसऱ्या तुकडीला नवी माणसं लागतात आणि प्रश्न मात्र तेच. या वेळी बहुतेकांनी ‘आजी जाऊ नये म्हणून’ असं लिहिलं, तर पिशवीचा शॉट कामाला आला. अशा आकड्यांवरून लघुपट किती चालेल याचा अंदाज बांधू नये. नऊ माणसं गोष्टीतली भोकं दाखवतात, लोकप्रियता नाही.

एखादी सूचना सगळं समजूनही शिल्लक राहते. दोघांना वाटतं, आजीने शेवटी थांबायला हवं होतं. त्यांना गोष्ट नीट कळली आहे, फक्त शेवट मान्य नाही. हा निर्णय दिग्दर्शकाचा. आजी एसटीत बसते, आणि ॲनिमॅटिकमधली प्रत्येक शॉटची लांबी पक्की करून फाइल ॲनिमेटरांकडे जाते.