सकाळी मूठ का वळत नाही?

एकाच घरातल्या सासू-सुनेची बोटं दुखतायत, असं समजा. सासूबाई 68 वर्षांच्या, सून चाळिशीची. सासूबाईंची बोटं उठल्यावर आखडलेली असतात, पण चहा होईपर्यंत सुटतात. त्यांचं दुखणं वाढतं ते दिवसभराच्या कामानंतर, संध्याकाळी. सुनेचं नेमकं उलटं. सहाला उठल्यावर तिची मूठ वळत नाही, कणीक मळता येत नाही. हात मोकळा व्हायला आठ वाजतात. मग काम करत राहिलं तर बरं वाटतं, थोडा वेळ स्वस्थ बसलं की पुन्हा आखडतं.

सासूबाईंच्या सांध्यातली कूर्चा झिजली आहे. सुनेच्या सांध्याचं आतलं अस्तर सुजलं आहे, कारण तिची रोगप्रतिकारशक्ती त्याच्यावरच उलटली आहे. हा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. रात्री बोटं हलत नाहीत, त्यामुळे सुजेचं पाणी सांध्यात आणि भोवती साचतं. शिवाय दाह वाढवणारी रसायनं पहाटेच्या सुमारास जोरात असतात. म्हणून आखडणं तासाच्या वर टिकतं. झिजेत ते बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातं.

आता दोघींचे हात शेजारी ठेवून पाहा. सासूबाईंच्या नखांजवळच्या पेरांवर टणक, हाडाच्या गाठी दिसतील, अंगठ्याच्या मुळाशीही दुखेल. सुनेची नखांजवळची पेरं बहुतेक ठीक असतात. सूज असते ती बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरांवर, मऊसर, दाबल्यावर दुखणारी, बहुधा दोन्ही हातांना. हात मिळवताना कुणी जरा जोरात दाबला तरी ती कळवळते.

चिकुनगुन्यानंतरही सांधे असेच धरतात, म्हणून आधी ताप येऊन गेला का, हे डॉक्टर विचारतात. सूज सहा आठवडे टिकली, तर आमवाताची शंका बळावते. रक्ताच्या तपासणीत आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होऊ नये. आमवात असूनही तो निगेटिव्ह येतो, आणि काही निरोगी वृद्धांत पॉझिटिव्ह. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त नेमकी, तरी तीही कधी चुकते. सुरुवातीचा एक्स-रे तर अनेकदा स्वच्छच असतो.

इथेच वेळ जातो, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. वेदनाशामक गोळीने दुखणं दबतं, पण सुजलेलं अस्तर हाड पोखरतच राहतं, आणि पोखरलेलं हाड पूर्ववत होत नाही. म्हणून सुनेला पहिल्या काही महिन्यांतच संधिवाततज्ज्ञाकडे न्यायला हवं. तिथे बहुधा मेथोट्रेक्सेट सुरू होतं. त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, मध्ये रक्त आणि यकृताच्या तपासण्या होतात, आणि गरोदरपणात ते चालत नाही. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं, तर जिवावर बेतू शकतं; म्हणून ठरलेला वार चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावा.