नफा तेवढाच, मग परतावा का घटला?

इक्विटीवरील परतावा म्हणजे भागधारकांच्या शंभर रुपयांवर कंपनीने वर्षभरात कमावलेला निव्वळ नफा. हा आकडा घसरला की दोष धंद्याचा, मालमत्तेच्या वापराचा की कर्जाचा, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी परताव्याची फोड करण्याची पद्धत बसवली. मूळ मांडणीत मार्जिन आणि मालमत्तेची उलाढाल हे दोनच घटक होते. कर्जाचा घटक पुढे जोडला गेला.

परतावा = (निव्वळ नफा ÷ विक्री) × (विक्री ÷ एकूण मालमत्ता) × (एकूण मालमत्ता ÷ भागधारकांचा निधी)

समजा, पंप बनवणाऱ्या एका कंपनीची विक्री 100 कोटी, निव्वळ नफा 9 कोटी, मालमत्ता 80 कोटी आणि भागधारकांचा निधी 40 कोटी रुपये आहे. मार्जिन 9 टक्के, उलाढाल 1.25 पट, कर्जाचा गुणक 2. म्हणून परतावा 22.5 टक्के. तीन वर्षांनी विक्री 120 कोटी होते, नफा 9 कोटींवरच राहतो, मालमत्ता 120 कोटी आणि निधी 50 कोटी होतो. आता मार्जिन 7.5 टक्के, उलाढाल 1 पट, गुणक 2.4, परतावा 18 टक्के.

मार्जिन घटलेले पाहून कच्चा माल महागला किंवा पंपांचे भाव पडले, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. इथे तो चुकीचा ठरेल. व्याज आणि कर वजा करण्यापूर्वीचा नफा 14 कोटींवरून 16.8 कोटी झाला आहे, म्हणजे दोन्ही वेळा विक्रीच्या 14 टक्केच. व्याज मात्र 2 कोटींवरून 4.8 कोटींवर गेले आणि वाढीव कमाई त्यातच संपली.

कर्ज कशासाठी काढावे लागले, याचे उत्तर उलाढालीत आहे. विक्री 20 कोटींनी वाढली, तर मालमत्ता 40 कोटींनी. त्यांतले 20 कोटी विक्रेत्यांना दिलेल्या उधारीत अडकले: येणे 16 कोटींवरून 36 कोटींवर गेले. पूर्वी पैसे सुमारे 58 दिवसांत वसूल होत, आता सुमारे 110 दिवस लागतात. उरलेल्या 20 कोटींत गोदामातला साठा आणि नवी यंत्रे आहेत. गुणक वाढल्यामुळे घसरण वरवर कमी दिसते, पण तो वाढवणाऱ्या कर्जाचेच व्याज मार्जिन खाते. म्हणून तिन्ही घटक एकमेकांपासून स्वतंत्र मानू नयेत. मार्जिनची व्याजापूर्वीचे आणि नंतरचे अशी आणखी फोड करावीच लागते.

ताळेबंद एका दिवसाचा असतो, त्यामुळे मालमत्ता आणि निधी यांची वर्षारंभ व वर्षअखेर अशी सरासरी घेणे अधिक योग्य. वरचे उदाहरण सोपेपणासाठी वर्षअखेरच्या आकड्यांवर मांडले आहे. शेअरची फेरखरेदी केली तर निधी घटतो आणि धंदा जराही न सुधारता परतावा वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

भारतीय कंपन्यांना 2021-22 पासून ताळेबंदाच्या टिपांमध्ये येणी किती जुनी आहेत, याचे कोष्टक द्यावे लागते. उलाढाल घटलेली दिसली, तर वाचकाने आधी ते कोष्टक उघडावे.