रिपोर्टमधला हिरवा, पिवळा, लाल: रंग नक्की कुठे बदलायचा?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आकडे पटापट निघून जातात, त्यामुळे ते इथे जरा सावकाश मांडतोय.

आठवड्याच्या स्टेटस रिपोर्टमध्ये प्रत्येक ओळीपुढे एक रंग असतो. हिरवा, लाल आणि मधला अंबर, म्हणजे आपला सिग्नलचा पिवळा. आता कोणालाही विचारा, की हा पिवळा कशावरून ठरला? बहुतेक वेळा उत्तर येतं, "८० टक्क्यांच्या वर पिवळा, ९० च्या वर लाल." आणि ८०च का? तर टूलमध्ये आधीपासून तसंच होतं म्हणून.

यात गडबड काय होते ते एकाच उदाहरणावर बघू: डेटाबेस सर्व्हरची डिस्क. हे उदाहरण घ्यायचं कारण म्हणजे इथे चूक महागात पडते. डिस्क पूर्ण भरली की डेटाबेसला नवीन काही लिहिता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये तर व्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या लॉगची डिस्क भरली, तर सर्व्हर चक्क बंद पडू शकतो.

समजा आपल्याकडे दोन सर्व्हर आहेत. पहिल्याची डिस्क ४००० जीबीची, ८२ टक्के भरलेली. दुसऱ्याची ५०० जीबीची, ६४ टक्के भरलेली. टक्क्यांच्या नियमाने पहिला पिवळा आणि दुसरा हिरवा. मीटिंगमध्ये चर्चा कोणावर होणार? अर्थातच पहिल्यावर.

आता यात एक माहिती वाढवू. पहिल्या सर्व्हरवर रोज २ जीबी डेटा वाढतो, दुसऱ्यावर रोज साडेसहा जीबी. शिवाय डिस्क आपण १०० टक्क्यांपर्यंत भरू देत नाही. मोठं टेबल नव्याने लिहायचं असेल, तर त्याची पूर्ण प्रत मावेल एवढी जागा काही काळ लागते. म्हणून आपली मर्यादा ९० टक्के धरू. मग हिशोब सोपा आहे:

```
days_left = (limit_gb - used_gb) / daily_growth_gb
```

पहिला सर्व्हर: मर्यादा ३६०० जीबी, वापर ३२८०, उरले ३२०. भागिले २, म्हणजे १६० दिवस. दुसरा सर्व्हर: मर्यादा ४५०, वापर ३२०, उरले १३०. भागिले ६.५, म्हणजे फक्त २० दिवस! ज्याला आपण हिरवा म्हणत होतो, तो तीन आठवड्यांत अडकणार आहे. आणि ज्याच्यावर मीटिंग झाली, त्याला पाच महिने काही होत नाही.

म्हणजे पहिली गोष्ट अशी, की टक्के हा इथे चुकीचा निर्देशक आहे. रंग द्यायचा तो उरलेल्या दिवसांना. पण मग किती दिवसांना पिवळा आणि किती दिवसांना लाल?

इथे उलट्या बाजूने सुरुवात करायची. आकडा नंतर, आधी विचारायचं की लाल झाल्यावर आपण नक्की काय करणार? डिस्क वाढवायची, तर मंजुरी, खरेदी आणि रात्री सर्व्हर थांबवून काम करायची परवानगी या सगळ्याला समजा १५ दिवस लागतात. मग लालचा अर्थ आपोआप ठरतो. १५ पेक्षा कमी दिवस उरले, म्हणजे नेहमीच्या मार्गाने काम वेळेत होणार नाही. आता जुने लॉग हलवा, मोठे जॉब थांबवा, तातडीची मंजुरी घ्या. पिवळ्याचा अर्थ वेगळा: नेहमीचा मार्ग अजून उघडा आहे, पण अर्ज आजच टाका.

पिवळा पट्टा किती रुंद ठेवायचा? रिपोर्ट आठवड्यातून एकदा निघतो. पट्टा फक्त ५ दिवसांचा ठेवला, तर दोन रिपोर्टच्या मध्येच सर्व्हर हिरव्यावरून थेट लालवर जाऊ शकतो आणि मग पिवळा कोणाला दिसणारच नाही. म्हणून तो किमान ७ दिवसांचा हवाच. आपण १५ ते ३० दिवस हा पट्टा घेऊ, म्हणजे निदान दोन रिपोर्टमध्ये पिवळा दिसेल. ३० घेण्याचा आणखी एक फायदा आहे. आज ३१ दिवस उरलेत, म्हणजे हिरवा. उद्या डेटाचा वेग अचानक दुप्पट झाला, तर उरलेले दिवस साधारण १५ होतात. म्हणजे तेव्हाही अर्ज टाकायला जेमतेम वेळ मिळतो.

आपला दुसरा सर्व्हर २० दिवसांवर आहे. तो पिवळा, आणि अर्ज टाकायला हातात ५ दिवस. हे वाचून कोणालाही कळतं की आज काय करायचं.

आता हे बिघडतं कुठे? एक, रोजची वाढ मोजताना. कोणी जुने लॉग डिलीट केले, की त्या दिवशी वाढ उणे दिसते, सरासरी खाली येते आणि उरलेले दिवस उगाच फुगतात. म्हणून मागच्या २८ दिवसांची रोजची वाढ चढत्या क्रमाने लावून मधला आकडा, म्हणजे मीडियन घ्यावा. एखाद्या दिवसाच्या साफसफाईने तो फारसा हलत नाही. मात्र महिनाअखेरीस एकदाच येणारा मोठा डेटा मीडियनला दिसतच नाही. तो माहीत असेल तर उरलेल्या जागेतून आधीच वजा करायचा.

दोन, रंगाची उघडझाप. ३१, २९, ३१, २९ असं झालं की रंग दर आठवड्याला बदलतो आणि लोक बघणं सोडून देतात. उपाय म्हणजे जायची आणि यायची रेषा वेगळी ठेवायची. ३० च्या खाली गेला की पिवळा, पण परत हिरवा व्हायला ३५ च्या वर जावं लागेल.

तीन, माहितीच न येणं. मोजणारी स्क्रिप्ट बंद पडली आणि रिपोर्टने जुनाच हिरवा दाखवला, तर हे सगळ्यात धोकादायक. दोन दिवस आकडा आला नाही की रंग करडा.

रेषा ठरवल्यावर त्या लगेच लागू करू नका. मागच्या २६ आठवड्यांच्या आकड्यांवर आधी चालवून बघा. दोन प्रश्न विचारा. जेव्हा खरंच धावपळ झाली, तेव्हा त्याआधी पिवळा दिसला असता का? आणि जेव्हा पिवळा दिसला असता, तेव्हा खरंच काही करायची गरज होती का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं, तर रेषा उशिरा पडतेय. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' आलं, तर ती फार लवकर पडतेय.

आणि रिपोर्टमध्ये रंगाशेजारी तीन गोष्टी लिहाच: रेषा किती, कृती कोणती, ती कोण करणार. नाहीतर मीटिंगच्या आदल्या दिवशी कोणीतरी म्हणतं, "यावेळी हिरवा ठेवू या ना, पुढच्या आठवड्यात होऊन जाईल." मग तयार होतो तो कलिंगड रिपोर्ट, बाहेरून हिरवा आणि आतून लाल. रेषा बदलायला हरकत नाही. खरेदीचे १५ दिवस कमी होऊन २ झाले, उदाहरणार्थ सर्व्हर क्लाउडवर गेला, तर लालची रेषा खाली आणायलाच हवी. फक्त ती बदलण्याचं कारण कृतीला लागणारा वेळ हे असावं, रिपोर्ट चांगला दिसावा हे नव्हे.

तुमच्या रिपोर्टमधली कुठलीही एक पिवळी ओळ उचला आणि विचारा, की हा पिवळा झाल्यावर कोण काय करतं? उत्तर "लक्ष ठेवतो" असं आलं, तर त्या ओळीची रेषा नव्याने ठरवायला घ्या. भेटू पुढच्या भागात.