कोठीतील शेवटची बाटली

एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या औषधकोठीत आपण उभे आहोत, अशी कल्पना करू. फळ्यांवर सलाइनच्या बाटल्या ओळीने रचलेल्या आहेत. रुग्णालयात दररोज सरासरी २० बाटल्या लागतात, म्हणजे वर्षाचा खप ७,३०० बाटल्यांचा झाला. कोठी सांभाळणाऱ्यापुढे नेहमी दोन प्रश्न असतात : एका खेपेस किती बाटल्या मागवाव्यात आणि त्या केव्हा मागवाव्यात? पहिल्या प्रश्नात चूक झाली तर पैसा वाया जातो. दुसऱ्यात झाली तर रुग्ण खाटेवर आणि कोठी रिकामी, असा प्रसंग ओढवतो.

प्रथम ‘किती’ हा प्रश्न घेऊ. प्रत्येक खेपेमागे कागदपत्रे, वाहतूक, मोजदाद व तपासणी मिळून ३६५ रुपये खर्च येतो असे धरू. हा खर्च बाटल्यांच्या संख्येवर अवलंबून नाही; म्हणून खेपा थोड्या व मोठ्या असाव्यात असे वाटते. परंतु बाटली साठवून ठेवण्यासही खर्च येतो. तीत पैसा अडकतो, ती जागा व्यापते, फुटते, तिची मुदत संपते. बाटलीची किंमत ४० रुपये आणि साठवणीचा वार्षिक खर्च किमतीच्या चतुर्थांश धरला, तर तो बाटलीमागे १० रुपये होतो. या दृष्टीने खेप लहान असणेच हिताचे.

या ओढाताणीतून मार्ग काढणारे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ साली ‘फॅक्टरी’ या मासिकात मांडले. वार्षिक खप व एका खेपेचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी, तिला एका नगाच्या वार्षिक साठवण-खर्चाने भागावे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे. आपल्या उदाहरणात हे उत्तर ७३० बाटल्या असे येते. वर्षाला १० खेपा, त्यांचा खर्च ३,६५० रुपये. कोठीत सरासरी अर्धी खेप, म्हणजे ३६५ बाटल्या शिल्लक राहतात. त्यांच्या साठवणीचा खर्चही ३,६५० रुपये. दोन्ही खर्च नेमके सारखे झाले हा योगायोग नव्हे. ज्या ठिकाणी ते समान होतात, तेथेच त्यांची बेरीज सर्वांत कमी असते. या संख्येस आपण किफायतशीर खेप म्हणू.

या सूत्राचा एक गुण फार उपयोगी आहे. ७३० ऐवजी १,००० बाटल्या मागवल्या, तरी हा ७,३०० रुपयांचा खर्च सुमारे ३६५ रुपयांनीच वाढतो. किफायतशीर खेपेच्या आसपास खर्चाची दरी उथळ असते. थोडे इकडेतिकडे सरकल्याने फारसे बिघडत नाही. घाऊक सवलतीचा विचार करताना हे ध्यानी ठेवावे.

आता पुरवठेदार सांगतो : १,००० किंवा अधिक बाटल्या घेतल्यास सर्व बाटल्या ३९ रुपयांना मिळतील आणि ४,००० किंवा अधिक घेतल्यास साडेअडतीस रुपयांना. कोणता भाव पत्करावा? येथे खरेदीची रक्कमही हिशेबात धरावी लागते. मूळ भावाने ७३० च्या खेपा घेतल्यास वर्षाचा एकूण खर्च २,९९,३०० रुपये होतो. ३९ रुपयांच्या भावाला सूत्र लावले तर सुमारे ७३९ बाटल्या हे उत्तर येते. पण तेवढ्या खेपेस हा भाव मिळतच नाही. म्हणून सवलत जेथे सुरू होते ती संख्या, म्हणजे १,०००, घ्यावी. त्याहून अधिक घेतल्यास भाव तोच राहून साठवण-खर्च मात्र वाढत जातो. १,००० च्या खेपांनी एकूण खर्च सुमारे २,९२,२४० रुपये येतो. म्हणजे ७,००० रुपयांवर बचत झाली.

साडेअडतीसच्या भावाने खरेदीत आणखी ३,६५० रुपये वाचतात खरे. परंतु कोठीत सरासरी २,००० बाटल्या पडून राहतात व त्यांची साठवणच १९,२५० रुपये खाते. एकूण खर्च ३,००,९६६ रुपयांवर जातो. सवलत मुळीच न घेण्यापेक्षाही हा अधिक! सर्वांत स्वस्त भाव येथे सर्वांत महाग पडला. तेव्हा १,००० ची खेप ठरली.

आता ‘केव्हा’ हा प्रश्न. मागणी नोंदवल्यापासून माल येईपर्यंत ९ दिवस लागतात. या काळात सरासरी १८० बाटल्या खपतील. म्हणून १८० उरताच मागणी पाठवावी, असे वाटेल. पण सरासरी म्हणजे कधी अधिक, कधी उणे. निम्म्या वेळा खप १८० हून अधिक होईल आणि माल येण्यापूर्वीच कोठी रिती होईल. म्हणून वर काही राखीव साठा हवा.

तो किती, हे खपाच्या चढउतारावर अवलंबून आहे. संख्याशास्त्रात हा चढउतार प्रमाण विचलनाने मोजतात. येथे ते दिवसाला ६ बाटल्या धरू. ९ दिवसांचे विचलन नऊपट, म्हणजे ५४ होत नाही. एखाद्या दिवशी खप वाढला तर दुसऱ्या दिवशी घटतो आणि दोन्ही काही अंशी एकमेकांना फेडतात. म्हणून ते ९ च्या वर्गमूळाने, म्हणजे तिपटीनेच वाढते : १८ बाटल्या. १०० खेपांपैकी ९५ वेळा साठा पुरावा असे वाटत असेल तर या १८ ला १.६५ ने गुणावे, उत्तर ३०. ९९ वेळा पुरावा असे वाटत असेल तर २.३३ ने, उत्तर ४२.

या १२ बाटल्यांच्या फरकाचे मोल पाहा. १,००० च्या खेपा घेतल्यास वर्षात तुटवड्याची संधी सुमारे सात वेळाच येते. ३० बाटल्या राखल्यास सरासरी पावणेतीन वर्षांतून एकदा तुटवडा पडेल. ४२ राखल्यास जवळजवळ चौदा वर्षांतून एकदा. आणि या वाढीव १२ बाटल्यांच्या साठवणीस वर्षाला लागतात अवघे ११७ रुपये. म्हणून २२२ बाटल्या उरताच मागणी पाठवावी.

हा हिशेब दोन कारणांनी फसू शकतो. पहिले म्हणजे पुरवठ्याचा काळ स्वतःच बदलता असणे. त्याचे विचलन २ दिवस असेल, तर त्यामुळे ४० बाटल्यांचा चढउतार होतो. १८ व ४० यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ४४ येते आणि राखीव साठा ४२ वरून १०२ वर जातो. रुग्णांच्या अनिश्चिततेपेक्षा मालमोटारीची अनिश्चितता अधिक भारी ठरते. दुसरे कारण साथीचे. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की जादा खपाचे दिवस एकामागून एक येतात. ते परस्परांना फेडत नाहीत आणि वर्गमूळाचा नियम लागू पडत नाही. अशा ऋतूसाठी आकडे वेगळेच काढावे लागतात.

हिशेब बरोबर चालला आहे की नाही, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक खेप कोठीत येते त्या क्षणी किती बाटल्या शिल्लक होत्या, ते वहीत लिहीत जावे. या आकड्यांची सरासरी राखीव साठ्याइतकी, म्हणजे ४२ च्या आसपास, असली पाहिजे. ती सातत्याने खाली राहू लागली, तर खप वाढला आहे किंवा माल उशिरा येत आहे, असे समजावे आणि शेवटची बाटली हातात येण्यापूर्वीच २२२ हा आकडा बदलावा.